उलटी लेन्स, फाटलेली कड: जत्रेच्या रात्रीचं एक प्रकरण

सोमवारी सकाळी म्हापशातल्या माझ्या चष्म्या-लेन्सच्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. डिचोली तालुक्यातली एक मुलगी आईबरोबर दारात उभी होती. उजवा डोळा लाल, पापणी थोडी सुजलेली, आणि हातात टिश्यू पेपरची घट्ट घडी. "मॅडम, लेन्स फाटली. अर्धी ह्यात आहे. उरलेली डोळ्याच्या मागे गेली असणार," ती म्हणाली. आई मागून म्हणाली, "कालपासून सांगते गे, डॉक्टरकडे चल म्हणून."

मुलगी चोवीस वर्षांची, पर्वरीला नोकरी करणारी. दोन वर्षं महिनाभर वापरायच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावते. उजव्या डोळ्याचा नंबर −३.२५, डाव्याचा −३.७५, तिरपा नंबर नाही. जत्रेच्या नाटकांतून कामं करते, आणि रंगमंचावर चष्मा चालत नाही म्हणून लेन्स घेतलेल्या. तिच्या परवानगीने, नाव-गाव वगळून, हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. शनिवारी रात्री एक लेन्स उलटी बसली, तिथून रविवारी सकाळी डोळ्यात तुकडा राहण्यापर्यंतची साखळी यात कडी कडी उलगडून दिसते. आणि त्या साखळीत जी गोष्ट तिला सर्वांत सुखाची वाटली, तिनेच तिला फसवलं.

आधी आईची भीती दूर केली. लेन्स डोळ्याच्या मागे जाऊ शकत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण वर आणि खाली वळून पापणीच्या आतल्या बाजूला जोडलेलं असतं. तिथे एक बंद खोबण तयार होते, आणि लेन्स किंवा तिचा तुकडा जास्तीत जास्त त्या खोबणीपर्यंत जातो. वरच्या पापणीखालची खोबण मात्र खोल असते, आणि तुकडा तिथे दडला तर आरशात अजिबात दिसत नाही.

मग टिश्यू उघडला. आत वाळून कुरकुरीत झालेलं, गुंडाळलेलं काहीतरी होतं. मऊ लेन्समध्ये पाणी भरपूर असतं, आणि ते उडालं की ती आक्रसून कडक होते. तशीच उलगडायला गेले असते तर आणखी तुकडे पडले असते. म्हणून एका छोट्या काचेच्या वाटीत सलाईन घेऊन त्यात ती सोडली आणि मुलीला विचारलं, शनिवारी रात्री पहिल्यापासून काय काय झालं ते सांग.

देवळाशेजारच्या शाळेचा एक वर्ग रंगपट म्हणून दिला होता. एक पिवळा बल्ब, एक टेबल फॅन, आणि चेहऱ्यावर रंग आधीच चढलेला. (लेन्स आधी, रंग नंतर, हे मी दर वेळी सांगते. रंगाचं तेल बोटाला लागतं आणि बोटावरून लेन्सला. पण घाईत उलटं होतं.) रात्री नऊच्या सुमारास तिने उजवी लेन्स लावली. लगेच टोचायला लागलं. पापणी मिटली की लेन्स हलते आहे आणि खालच्या पापणीला तिची कड लागते आहे, असं जाणवत होतं. दिसत मात्र स्वच्छ होतं. तिने ठरवलं की धूळ गेली असणार. काढली, सोल्युशनने धुतली, परत लावली. तसंच टोचलं. पुन्हा काढली, पुन्हा धुतली, पुन्हा तसंच.

इथे मी तिला थांबवलं. धूळ असती तर एकदा नीट धुतल्यावर त्रास कमी व्हायला हवा होता. दर वेळी तोच त्रास, तोही कडेला, आणि लेन्स डोळ्यावर फार सरकते आहे, हे लेन्स उलटी असल्याचं लक्षण. तिरपा नंबर नसलेली लेन्स उलटी बसली तरी नजर बहुतेक वेळा ठीकच राहते, म्हणून "दिसतंय ना नीट" हा पुरावा धरता येत नाही. तिरप्या नंबराच्या लेन्सची गोष्ट वेगळी. ती उलटी केली की नंबराचा कोन आरशातल्यासारखा फिरतो, २० अंशांचा १६० होतो आणि नजर धूसर होते. अशा लेन्सवाल्याला चूक लवकर कळते. हिला नजरेवरून कळण्याजोगं काही नव्हतं.

उलटी लेन्स डोळ्याला लगेच इजा करत नाही. ती टोचते, सरकते, कधी गळून पडते. काढून, सुलटी करून, धुऊन लावली की प्रश्न मिटतो. त्या रात्री इथेच थांबता आलं असतं.

पण तिसऱ्यांदा लेन्स काढली तेव्हा कोणीतरी बाहेरून हाक मारली. तिने लेन्स तळहातावर ठेवली आणि दारापर्यंत जाऊन बोलून आली. फॅन समोरच होता. परत येऊन बघते तर लेन्स मधोमध दुमडून दोन्ही कडा एकमेकींना चिकटलेल्या. वरून सोल्युशनचा एक थेंब टाकला आणि नखांनी कडा ओढून वेगळ्या केल्या. लेन्स उघडली. बल्बसमोर धरून बघितली, ठीक वाटली, लावली.

"आणि मॅडम, ह्या वेळी एकदम मस्त बसली. टोचणं गेलंच. फक्त पापणी मिटताना एकाच जागी किंचित काहीतरी लागायचं. रंग गेला असेल म्हटलं."

ओढाओढीत लेन्स आपोआप सुलटी झाली होती. म्हणून आराम पडला. आणि त्याच ओढाओढीत नखाने कडेला बारीक चीर पडली होती. नऊ वाजताची लेन्स त्रासदायक होती पण अखंड होती. साडेनऊची आरामदायक होती पण चिरलेली. तिने आरामावरून निवाडा केला. माझ्याकडे येणारे बहुतेक जण तोच करतात, त्यात तिला दोष देण्यासारखं काही नाही. एकाच जागी, दर मिटण्याला, तेच किंचित लागणं हा मात्र कड चिरल्याचा इशारा होता. रंग किंवा धूळ असती तर ती जागा बदलत राहिली असती, किंवा अश्रूंबरोबर निघून गेली असती.

पालखी झाल्यावर मध्यरात्री नाटक उभं राहिलं आणि पहाटे पाचला संपलं. रंग उतरवून ती घरी गेली आणि लेन्स न काढताच झोपली. नऊला उठली तेव्हा दोन्ही लेन्स डोळ्यांना घट्ट बसलेल्या होत्या. मिटलेल्या पापणीखाली अश्रू कमी वाहतात, लेन्सचं पाणी कमी होतं, आणि ती कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, चिकटल्यासारखी बसते. डावी कशीबशी निघाली. उजवी चिमटीत येईना म्हणून तिने जोर लावला, आणि लेन्स जिथे आधीच चिरली होती तिथून फाटत गेली. असला मऊ पदार्थ अखंड असताना बराच ताण सोसतो, पण कडेला एकदा चीर पडली की जुन्या धोतरासारखा तो सरळ फाटत जातो.

एवढं ऐकेपर्यंत वाटीतली लेन्स फुगून पसरली होती. मऊ लेन्सचा व्यास साधारण १४ मिलिमीटर असतो. ही जवळजवळ तेवढीच होती, पण एका कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा गायब होता, लांबी अंदाजे ५ मिलिमीटर, रुंदी जास्तीत जास्त २. आता मला नेमकं काय शोधायचं ते कळलं. फाटलेली लेन्स टाकून देऊ नका, सोल्युशनमध्ये घालून डबीतच आणा, असं मी सांगते ते यासाठीच. तुकडे जुळवून पूर्ण वर्तुळ होतं की नाही यावर डोळ्यात अजून काही आहे का ते ठरतं.

उजव्या डोळ्याची नजर चष्म्यासह ६/९ भरली, डाव्याची ६/६. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, उजवा डोळा लाल, आणि लाली वरच्या भागात जास्त. खालची पापणी ओढून बघितली, काही नाही. वरची उलटून बघितली, तिथेही काही नाही. मग फ्लुरोसिनची पट्टी सलाईनने ओली करून डोळ्याला लावली आणि निळा प्रकाश टाकला. हा पिवळट रंग मऊ लेन्स शोषून घेते आणि निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. म्हणूनच धड लेन्स डोळ्यात असताना तो वापरत नाहीत, लेन्स रंगून जाते. हरवलेला तुकडा शोधताना मात्र हाच दोष कामाला येतो. कॉर्नियाच्या वरच्या भागात दोन बारीक उभ्या हिरव्या रेघा दिसल्या. वरच्या पापणीत लपलेली एखादी वस्तू दर मिटण्याला खाली-वर घासली की अशा उभ्या रेघा पडतात. तुकडा वर होता, नक्की.

उलटलेली वरची पापणी कापसाच्या ओल्या काडीने आणखी वर उचलली आणि तिला खाली बघायला सांगितलं. खोबणीच्या अगदी तळाशी हिरवी चमकणारी एक घडी दिसली. सलाईनची धार सोडली तशी ती पुढे सरकली, आणि काडीवर आली.

वाटीत तो तुकडा मूळ लेन्सच्या शेजारी ठेवला. चंद्रकोर भरली, पण टोकाला मिलिमीटरभराची त्रिकोणी खाच उरलीच. परत पापण्या तपासल्या, परत रंग घातला, डोळ्यात काही चमकेना. मग तो टिश्यू पेपर सलाईनमध्ये उलगडून भिंगाखाली धरला. त्याच्या घडीत चिकटलेला पारदर्शक कण सापडला आणि खाच बुजली. वर्तुळ पूर्ण झालं तेव्हा कुठे मला स्वस्थ वाटलं.

कॉर्नियावरच्या रेघा वरवरच्या होत्या, पण लेन्स वापरणाऱ्याच्या डोळ्यावरचा ओरखडा मी स्वतःकडे ठेवत नाही. तिथे जंतुसंसर्ग झाला तर तो फार झपाट्याने वाढतो. तिला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी अँटिबायोटिकचे थेंब दिले. पट्टी बांधली नाही, कारण लेन्समुळे झालेल्या ओरखड्यावर पट्टी बांधली की आत उबेला जंतू वाढण्याची भीती असते. दोन दिवसांनी रेघा भरून आल्या होत्या. पूर्ण आठवडा लेन्स बंद, चष्मा चालू. रविवारी रात्री हा डोळा जास्त दुखायला लागला असता, उजेड सहन झाला नसता, नजर आणखी धूसर झाली असती किंवा कॉर्नियावर पांढरा ठिपका दिसला असता, तर सोमवारची वाट न बघता बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जायला हवं होतं. हे आईला वेगळं सांगितलं, कारण घरात निर्णय तीच घेते.

पुढच्या शनिवारी मी तिला परत बोलावलं. तिच्याकडून लेन्स उलटी का ओळखली जात नाही, हे मला बघायचं होतं. दोन वर्षं लेन्स लावणारी मुलगी, वाटी आणि बशीतला फरक तिला तोंडपाठ होता. सुलटी लेन्स बोटाच्या टोकावर खोल वाटीसारखी उभी राहते, कडा सरळ वर जातात. उलटी लेन्स कडेशी बाहेर वळते, सोलकढीच्या वाटीखाली ठेवलेल्या बशीच्या काठासारखी. हे माहीत असूनही चूक का?

सरावाच्या जुन्या लेन्स घेतल्या आणि काही मुद्दाम उलट्या करून तिच्या हातात दिल्या. ती नेहमी करते तसंच बघायला सांगितलं. सहापैकी तीन बरोबर, म्हणजे नाणं उडवण्याइतकंच. तिच्या हाताकडे बघितलं तेव्हा कारण दिसलं. बोट सोल्युशनने ओलं होतं, आणि ओल्या बोटाला लेन्स पसरून चिकटते. अशी पसरलेली लेन्स सुलटी असो की उलटी, बशीसारखीच दिसते. शिवाय ती वरून बघत होती. वरून कडेचं वळण दिसतच नाही.

मग बोटाचं टोक कोरडं केलं, धागे न सुटणाऱ्या कापडाने. लेन्सवरचं जास्तीचं पाणी एकदा हलकेच झटकून टाकलं, लेन्स ओली राहील पण थेंब लोंबणार नाही इतपत. बोट डोळ्यांच्या उंचीवर, खिडकीच्या उजेडासमोर धरलं आणि बाजूने बघायला सांगितलं. बोटाला लेन्सचा फक्त तळ टेकलेला हवा. सहापैकी सहा. त्या पिवळ्या बल्बखाली, ओल्या बोटावर, वरून बघत तिला कुठूनही कळणार नव्हतं.

तरी तिला दुसरी खूण शिकवली, कारण पातळ लेन्समध्ये, विशेषतः रोज टाकून द्यायच्या लेन्समध्ये, वाटी-बशीचा फरक फार सूक्ष्म असतो. लेन्स अंगठा आणि तर्जनीच्या पोटांमध्ये मधोमध धरायची, कडा वर मोकळ्या ठेवायच्या, आणि अगदी हलका दाब द्यायचा. सुलटी असेल तर दोन्ही कडा आत वळून एकमेकींकडे येतात, नेवरी, म्हणजे करंजी, मिटावी तशा. उलटी असेल तर कडा बाहेर बोटांकडे वळतात, जणू मिटायला तयार नाहीत. ती हसली आणि म्हणाली, हे लक्षात राहील, चवथीला घरी शंभर नेवऱ्या मीच मिटते. ही परीक्षाही ओल्या लेन्सवरच करायची. लेन्स अर्धी वाळली की कशीही वळते आणि दोन्ही खुणा खोट्या ठरतात. शनिवारी रात्री फॅनसमोर झालं तेच.

काही लेन्सवर कडेजवळ 123 असे बारीक आकडे कोरलेले असतात. लेन्स बोटावर ठेवून बाहेरच्या बाजूने बघताना ते सरळ वाचता आले तर लेन्स सुलटी, आरशातल्यासारखे दिसले तर उलटी. तिच्या लेन्सवर असं काही नव्हतं, म्हणून त्यावर वेळ घालवला नाही. नव्या पाकिटातून निघालेली लेन्सही उलटी असू शकते, हे मात्र तिला नवीन होतं.

लेन्स सुलटी करायला नख लागत नाही. तळहातावर सोल्युशनचं छोटं तळं करायचं, त्यात लेन्स ठेवायची आणि बोटाच्या पोटाने मधोमध हलकेच दाबायचं, ती पलटते. दुमडून चिकटलेल्या लेन्सलाही तेच तळं. पण आधी थांबायचं. एक थेंब पुरत नाही, लेन्स पूर्ण बुडायला हवी. तीन-चार मिनिटांनी लेन्सने पुरेसं पाणी प्यायलं की बोटाच्या पोटाने गोल गोल हलकं चोळलं तर घडी आपोआप सुटते. नाही सुटली तर डबीत ताज्या सोल्युशनमध्ये काही तास ठेवायची. कडा ओढायच्या नाहीत. नळाचं पाणी, विहिरीचं पाणी, झरीचं कितीही निर्मळ पाणी चालत नाही, त्यात अकँथामिबासारखे जीव असू शकतात आणि कॉर्नियाला त्यांची लागण झाली तर ती महिनोन्‌महिने छळते. थुंकी तर अजिबात नको. उघडल्यावर लेन्स उजेडासमोर धरून पूर्ण कड फिरवून बघायची. एकही खाच दिसली तर ती टाकायची, मग नाटक मध्यावर असो की महिना संपायला वीस दिवस राहिलेले असोत. पार वाळून कडक झालेली लेन्सही टाकायची. भिजवल्यावर ती फुगते, माझ्या वाटीत फुगली तशी, पण तिचा आकार आणि बळकटी पहिल्यासारखी उरत नाही.

सकाळी चिकटून बसलेल्या लेन्सचं काय करायचं होतं, हे तिने स्वतःच विचारलं. आधी लेन्स डोळ्यात आहे याची खात्री करायची. दुसरा डोळा झाकून नजर बघायची, आणि आरशात पांढऱ्या भागावर लेन्सची कड शोधायची. लेन्स रात्रीच गळून पडलेली असते आणि माणूस कॉर्नियालाच चिमटे काढत बसतो, असे डोळेही मी बघितले आहेत. लेन्स असेल तर लेन्ससाठीचे ओलाव्याचे थेंब किंवा निर्जंतुक सलाईन घालायचं, सावकाश पापण्या मिटत-उघडत पाच-दहा मिनिटं थांबायचं. लेन्स पापणीबरोबर हलायला लागली की वर बघत बोटाने ती खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि तिथे बोटांच्या पोटांनी चिमटीत धरायची. हलली नाही तर पुन्हा थेंब, पुन्हा थांबणं. अर्ध्या तासातही जागची हलली नाही तर आमच्यापैकी कोणाकडे तरी यायचं. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन मात्र या कामाला कधीही नाही. त्याच्या खास डबीत ६ तास राहून ते निवळतं, त्याआधी डोळ्यात गेलं तर भाजतं. तिच्या मैत्रिणीकडे तेच होतं आणि रंगपटात उसनं घ्यायची सवय होती, म्हणून हे ठासून सांगितलं.

नाटकासाठी रोज टाकायच्या लेन्सचा एक छोटा डबा दिला. जुनी डबी टाकायला लावली, ती वर्षभर तीच होती. डबी तीन महिन्यांत बदलायला हवी. पिशवीत चष्मा, सीलबंद सलाईनच्या छोट्या कुप्या, आणि पांढरा उजेड देणारी एक छोटी बॅटरी. फॅनकडे पाठ करून बसायचं, रंगाआधी लेन्स, आणि रंग उतरवण्याआधी लेन्स काढायची.

पुढच्या महिन्यात पेडण्याकडच्या एका जत्रेहून तिने मध्यरात्री मला फोटो पाठवला. बोटावर लेन्स, बाजूने काढलेली, कड बाहेर वळलेली. खाली फक्त लिहिलं होतं, "ही उलटी ना?" उलटीच होती.